बडोद्याचा पावसाळा आणि घामेजणारे एसीचे पाइप: जूनच्या आत करायची तयारी

मे महिन्यात कोरडाठाक असलेला एसीचा पाइप जुलैत फॉल्स सीलिंगमधून पाणी का टपकवतो, हे आधी नीट समजून घ्या. पुढची सगळी तयारी त्यावरच उभी आहे. हवेत वाफ असतेच. हवा थंड होत गेली की एका तापमानाला तिच्यात ती वाफ मावेनाशी होते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. ज्या वस्तूचा पृष्ठभाग त्याहून थंड असतो, तिच्यावर पाणी जमतं. ताकाचा गार पेला बाहेरून ओला होतो तो याचमुळे. ते पाणी पेल्यातून झिरपत नाही, हवेतून येतं.

बडोद्यात मेच्या दुपारी तापमान ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण साडेतेरा अंशांवर असतो. जुलैत पारा ३० अंशांपर्यंत उतरतो, पण आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि दवबिंदू थेट २६ अंशांवर पोहोचतो. मेमध्ये एक घनमीटर हवेत ११ ग्रॅमच्या आत वाफ असते, जुलैत सुमारे २४ ग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात पाइप कोरडा दिसला, तर त्यावरचं इन्सुलेशन चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. उन्हाळ्यात फाटकं इन्सुलेशनही खपून जातं. म्हणून तपासणी मेअखेरीस करा, पण हिशेब जुलैचा धरा.

पहिलं काम म्हणजे दवबिंदू स्वतः मोजून बघणं. बाहेरून चकचकीत असलेला स्टीलचा पेला, स्वयंपाकघरात वापरतात तसा एक थर्मामीटर आणि बर्फाचा चुरा एवढंच लागतं. काचेपेक्षा स्टील बरं, कारण त्याचा पातळ पत्रा आतल्या पाण्याचं तापमान लगेच घेतो. पेला बाहेरून साबणाने धुऊन कोरडा पुसा, कारण तेलकट बोटं लागलेल्या जागी धूसरपणा नीट दिसत नाही. अर्धा पेला साधं पाणी घ्या, चिमूट-चिमूट बर्फ टाकत ढवळत राहा आणि पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर नजर ठेवा. श्वास त्यावर जाऊ देऊ नका. चकाकी प्रथम मंदावते त्या क्षणाचं तापमान टिपा. मग बर्फ थांबवा आणि ढवळत राहून धूसरपणा पुसला जातो तेव्हाचं तापमान टिपा. दोन्हींची सरासरी हाच तिथला दवबिंदू. बर्फ एकदम ओतलात, तर पाणी दवबिंदूच्या खूप खाली घसरतं आणि आकडा चुकीचा, कमी येतो.

घरात आर्द्रतामापक असेल तर हिशेब आणखी सोपा आहे. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा आणि उत्तर तापमानातून वजा करा. ३० अंश आणि ८० टक्के असताना वीस भागिले पाच म्हणजे चार, आणि तीसातून चार गेले की २६. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच हे गणित चालतं. मेच्या कोरड्या दुपारी ते साफ चुकतं. स्वस्त मापकात पाच टक्क्यांची चूक सहज असते, म्हणजे दवबिंदूत एक अंशाचा फरक. तेवढी सूट धरून चाला. मोजणी खोलीत नव्हे, तर पाइप जिथून जातो तिथे करा. एसी चालू असलेल्या खोलीत २५ अंश आणि ५५ टक्के असतील, तर दवबिंदू १५ अंशांच्या जवळ असतो, पण त्याच घराच्या पॅसेजमधल्या बंद छतावर तो २६ असू शकतो. टपकायला लागतं ते तिथेच.

दुसरं काम, हे खरंच दव आहे की गळती याचा निवाडा. पाइप पुसून कोरडा करा आणि त्यावर टिश्यू पेपर गुंडाळा. दव असेल तर कागद लांबवर सारखा ओलसर होतो, गळती असेल तर एकाच ठिकाणापासून भिजत जातो. एसी बंद ठेवून तीन तासांनी पुन्हा बघा. दव थांबलेलं असतं, नळाच्या पाइपची गळती चालूच राहते. बडोद्यात पावसाळ्यातही टाकीचं पाणी दवबिंदूच्या वर किंवा त्याच्या आसपासच राहतं. त्यामुळे बाथरूममधला टाकीच्या पाण्याचा पाइप सतत ओला दिसला, तर दवाला दोष देण्याआधी प्लंबरला बोलवा. एसीच्या तांब्याच्या पाइपवर थेंबांऐवजी बर्फ दिसत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. फिल्टर तुंबलाय किंवा गॅस कमी आहे. आधी फिल्टर धुवा, मेकॅनिककडून गॅस तपासून घ्या. त्याशिवाय वरून इन्सुलेशनची कितीही जाड नळी चढवली तरी उपयोग नाही.

आता साहित्य. इथे सर्वांत जास्त चूक होते ती जाडीत. समजा दांडिया बाजारातल्या एका फ्लॅटमध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आहे आणि त्याचे पाइप पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमधून चार मीटर जाऊन मागच्या डक्टमध्ये उतरतात. जाड पाइप अर्धा इंची, त्याचं तापमान १० अंश, भोवतालची हवा ३० अंश, दवबिंदू २६. एसीबरोबर येणाऱ्या ९ मिलिमीटरच्या नळीचा बाहेरचा पृष्ठभाग अशा वेळी २५ अंशांच्या आसपास राहतो. दवबिंदूपेक्षा फक्त एक अंश खाली, पण घाम यायला तेवढं पुरतं. १३ मिलिमीटरची नळी असेल, तर हवा खेळत्या जागी पृष्ठभाग साडेसव्वीसवर राहतो, म्हणजे जेमतेम निभावतं. बंद छतावर मात्र हवा स्थिर असते, बाहेरून पृष्ठभागाला उष्णता कमी मिळते आणि तीच १३ मिलिमीटरची नळी पुन्हा पंचवीसवर घसरते. १९ मिलिमीटर घेतली तर तिथेही पृष्ठभाग साडेसव्वीसच्या वर राहतो. म्हणून उघड्या भिंतीवर १३ चालेल, बंद छताच्या आत १९ घ्या. संततधारेच्या दिवसांत आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की दवबिंदू २८ च्या वर जातो, तेव्हा १९ लाही थोडा घाम येईल. त्याला इलाज छतात वारा खेळता ठेवण्याचा, नळी आणखी जाड करण्याचा नव्हे.

नळी काळ्या नायट्राइल रबराची घ्या. पांढऱ्या फोमची नळी स्वस्त असते, पण वाकताना चिरते आणि चिरेतून वाफ आत शिरते. बऱ्याच स्प्लिट एसींमध्ये पातळ पाइपही थंडच असतो, कारण गॅस बाहेरच्या युनिटमध्येच प्रसरण पावून आत येतो. त्यामुळे दोन्ही पाइपांना वेगवेगळी नळी हवी; एकत्र बांधून एका नळीत कोंबू नका. चार मीटरच्या दोन पाइपांसाठी आठ मीटर नळी झाली, त्यावर दोन मीटर जास्त घ्या, कारण वळणांवर तुकडे वाया जातात. ड्रेन पाइप विसरू नका. त्यातून पंधरा अंशांच्या आसपासचं पाणी वाहतं आणि त्याला कोणी काही गुंडाळत नाही; पीओपीवरचे पिवळे डाग अनेकदा त्याचेच असतात. त्याला १३ मिलिमीटर सहसा पुरते. शिवाय रबर चिकटवायचा सोल्युशनचा डबा, रबराची चिकटपट्टी, उन्हातल्या भागासाठी ऊन सोसणारी टेप आणि भिंतीचं भोक बुजवायला पुट्टी एवढं आणा.

कामाच्या आदल्या रात्रीपासून एसी बंद ठेवा. ओल्या पाइपवर नळी चढवली तर पाणी आत अडकतं आणि पुढे तांब्यावर हिरवट डाग पडतात. जुनी नळी हाताने दाबून बघा. पिचपिचीत लागली किंवा पाणी निथळलं, तर ती वाळवत बसू नका, कापून फेका. ओलं इन्सुलेशन उष्णता अडवत नाही. नवी नळी उभी चिरून चढवायची असेल, तर चिरेच्या दोन्ही कडांना सोल्युशन लावा, बोट लावल्यावर चिकट लागेल पण ओलं लागणार नाही इतकं सुकू द्या आणि मगच कडा दाबा. घाईने ओलेपणी चिकटवलेली चीर दोन आठवड्यांत उघडते. नळी ताणून बसवू नका, आखडली की सांध्यात फट पडते. दोन तुकड्यांची तोंडंही एकमेकांना चिकटवा. फट सुईएवढी असली तरी वाफ तिथून आत जाते, थेट तांब्यावर पाणी होते आणि आतून सगळी नळी भिजवते. बाहेरून मात्र पाणी भलत्याच ठिकाणी टपकताना दिसतं.

तांब्याचे पाइप युनिटला जिथे जोडले जातात, त्या फ्लेअर नटांची जागा मुद्दाम तपासा. मेकॅनिक साबणाच्या फेसाने गळती बघतो आणि नट उघडेच ठेवून निघून जातो. जेमतेम दोन इंच उघडं तांबं पावसाळ्यात दिवसभर टपकत राहतं. फेस पुसून, वाळवून नटांवर रबराची चिकटपट्टी तीन-चार पदरी गुंडाळा. क्लॅम्प आणि प्लॅस्टिकचे पट्टे आवळून बांधू नका. १९ मिलिमीटरची नळी दाबून पाच केली तर त्या जागी ती पाचच उरते आणि बरोबर तिथेच थेंब धरतो. क्लॅम्पखाली रुंद पत्र्याचा तुकडा ठेवला की दाब पसरतो. बाहेरच्या भिंतीवर टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. ड्रेन पाइपला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा, मध्ये झोळ नको.

शेवटी भिंतीचं भोक. आतल्या युनिटमागे पाइपसाठी पाडलेलं भोक आणि डक्टकडे उघडणारं फॉल्स सीलिंगचं तोंड, दोन्ही बहुतेक घरांत उघडी राहतात आणि बाहेरची दमट हवा तिथून दिवसभर आत येत असते. पुट्टीने ती बंद करा. वारा खेळता ठेवायचा तो पॅसेजच्या बाजूने, छताला छोटी जाळी बसवून. एवढं केलं की पहिल्या चांगल्या पावसानंतर एसी २४ अंशांवर तीन तास चालवा, फॉल्स सीलिंगचं झाकण काढा आणि कोरडा टिश्यू पेपर नळीच्या खालच्या बाजूने सांध्यासांध्यावर, क्लॅम्पपाशी आणि नटांवर फिरवा. कागद जिथे ओला होईल तिथे खडूने खूण करा. तेवढाच भाग एसी बंद करून, वाळवून पुन्हा चिकटवायचा असतो.