ओळख नसलेल्या कंपनीत इंटर्नशिपसाठी मेल कसा टाकायचा

मी बुटीबोरी एमआयडीसीत एका युनिटमध्ये मेंटेनन्सला आहे आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्च लागला की पॉलिटेक्निकच्या पोट्ट्यांचे मेल एचआरकडून माझ्याकडे फॉरवर्ड होतात, खाली एकच ओळ असते, "पाहा बरं, घ्यायचा का?" बहुतेक मेलवर मी हो पण म्हणू शकत नाही आणि नाही पण म्हणू शकत नाही, कारण आत माहितीच नसते. पोरगा कोणत्या ब्रँचचा, कधीपासून येणार, किती दिवस, राहणार कुठं, कॉलेजचं पत्र आहे का, हे सगळं परत विचारावं लागतं आणि शिफ्टच्या गडबडीत कोणी विचारत नाही, मेल तिथंच पडून राहतो. म्हणून समोरच्याला एकही प्रश्न परत विचारायला लागू नये असा मेल लिहायचा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

लिहायच्या आधी

कंपनीच्या वेबसाइटवर जो इन्फोवाला पत्ता असतो तो बऱ्याचदा अकाउंटवाले नाहीतर रिसेप्शनवाले उघडतात. त्यावर टाकायला हरकत नाही, पण आधी वेबसाइटवरच्या नंबरला एक फोन करा, "नमस्कार, मी डिप्लोमाचा विद्यार्थी आहे, इंटर्नशिपचा अर्ज कोणत्या मेलवर पाठवू?" एवढंच विचारा. ओळख लागत नाही याला. लोक सांगतात, कधी कधी एचआरचं नाव पण सांगतात. लागल्या हाती साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या, एमआयडीसीत सगळ्यांचीच रविवारी नसते.

दुसरं म्हणजे अप्रेंटिसशिप हा शब्द चुकूनही लिहू नका. ते डिप्लोमा पास झाल्यावरचं, १९६१ च्या कायद्याखालचं वेगळं काम आहे, त्याचं पोर्टल वेगळं, स्टायपेंड वेगळा. तुम्हाला पाहिजे ती एमएसबीटीईच्या अभ्यासक्रमातली इंटर्नशिप, के स्कीमला चौथ्या सेमनंतर १२ आठवड्यांची. शब्द चुकला की मेल भलत्याच फाइलला जातो, मग कोणी शोधत नाही.

एक खरा मेल

मागच्या वर्षी हिंगणघाटकडच्या एका पोरीचा कच्चा मेल माझ्याकडे आला होता, पाठवायच्या आधी दाखवायला. नागपूरजवळ ट्रान्सफॉर्मर बनवणारी आणि रिपेअर करणारी कंपनी, तिथं तिच्या ओळखीचं कोणीच नाही. सब्जेक्टमध्ये नुसतं "इंटर्नशिप बाबत", आत "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, मला आपल्या नामांकित कंपनीत संधी द्यावी ही नम्र विनंती". हे वाक्य आम्ही इतक्यांदा वाचतो की नजर त्याच्यावर थांबतच नाही.

मी तिला विचारलं, ट्रान्सफॉर्मरचीच कंपनी कायले पाहिजे? तर म्हणे, आमच्या गावची डीपी रब्बीत दोनदा जळाली, हरभऱ्याला पाणी द्यायच्या टायमालाच, नवीन येईपर्यंत बाबा रोज चकरा मारत होते, मला पाहायचंय आत काय जळतं ते. बाप्पा, म्हटलं हेच लिही ना! मग मेल असा झाला:

> विषय: इंटर्नशिप अर्ज, इलेक्ट्रिकल डिप्लोमा चौथं सेम, १ जून ते २३ ऑगस्ट (१२ आठवडे)
>
> नमस्कार मॅडम,
>
> मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या चौथ्या सेमिस्टरला आहे. अभ्यासक्रमातली १२ आठवड्यांची इंटर्नशिप मला तुमच्या रिपेअर विभागात करायची आहे.
>
> आमच्या गावची ६३ केव्हीएची डीपी या रब्बीत दोनदा जळाली. कॉलेजच्या लॅबमध्ये मी ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट केली आहे, पण जळालेली वाइंडिंग उघडून कधी पाहिली नाही. ते काम शिकायचं आहे. घरच्या ५ एचपी मोटारीचा स्टार्टर मी स्वतः खोलून दुरुस्त करते.
>
> बुटीबोरीला मामाकडे राहणार आहे, त्यामुळे सकाळच्या शिफ्टला वेळेवर पोहोचू शकते. कॉलेजचं पत्र आणि एक पानाचा रेझ्युमे जोडला आहे.
>
> मोबाइल नंबर, कॉलेजचं नाव, ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरांचा नंबर

सब्जेक्टमध्येच ब्रँच, सेम आणि तारखा आल्या. एचआर मोबाइलवर मेल न उघडताच समजून जाते की कोणाकडे फॉरवर्ड करायचा. मधल्या पॅराने रिपेअरच्या सुपरवायझरला कळतं की हिला टेस्टची नावं माहीत आहेत, हिला कोणत्या टेबलावर बसवायचं. आणि राहण्याची ओळ लै महत्त्वाची आहे, खेड्यातल्या पोरांच्या बाबतीत कंपनीला पहिली शंका हीच येते की हिंगणघाटवरून रोज एसटीनं येणारं पोर दोन आठवड्यांत बंद पडेल. राहायची सोय झाली नसेल तर "रूम पाहतो आहे" असं खरं लिहा. खोटं लिहिलेलं पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं.

स्टायपेंडचं पहिल्या मेलमध्ये विचारू नका, हो म्हणाले की विचारा, तेव्हा विचारण्यात काही गैर नाही.

भाषेचं म्हणाल तर एचआर मराठी असेलच असं नाही, म्हणून पाठवायचा इंग्रजीतच. पण आधी असा मराठीत लिहा आणि मग एकेक वाक्य साध्या इंग्रजीत करा. वाक्य लहान असलं की इंग्रजी फारसं चुकत नाही.

जोडायचं काय

दोनच फाइल, दोन्ही पीडीएफ. रेझ्युमे आणि कॉलेजचं शिफारस पत्र. मोबाइलनं काढलेले मार्कशीटचे आठ-दहा फोटो जोडले की मेल जड होतो, जीमेलमधून तर २५ एमबीच्या वर जोडताच येत नाही, मग पोरं ड्राइव्हची लिंक टाकतात आणि परवानगी द्यायची विसरतात. आम्ही क्लिक केलं की "Request access" येतं, कोण बसणार मागत. मार्कशीट मागितली तर द्या. फाइलचं नाव `Resume_Electrical_Sem4.pdf` असं, त्यात पुढं तुमचं नाव घाला. नुसतं `resume.pdf` ठेवलं की डाउनलोडमध्ये दहा सारख्याच फाइल जमतात आणि कोणाची कोणती कळत नाही.

पाठवताना

एका कंपनीला एक मेल. चाळीस कंपन्यांचे पत्ते एकाच "To" मध्ये टाकलेले आम्हाला सगळे दिसतात आणि मग तुमचं काम दुसरा कोणी करेल म्हणून कोणीच करत नाही. गावात रात्रीच रेंज मिळत असेल तर रात्री लिहून जीमेलमध्ये "Schedule send" लावा, सकाळी साडेनऊचं, म्हणजे ऑफिस उघडल्यावर मेल वरच दिसतो.

आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर नवीन मेल नको, त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा, "मागच्या आठवड्यात अर्ज पाठवला होता, तारखा त्याच आहेत, काही कागद लागत असेल तर कळवा." जुना मेल खालीच असतो, शोधावा लागत नाही. त्यानंतरही शांत असेल तर एक फोन करा, आणि तेवढ्यात दुसऱ्या कंपनीला मेल गेलेला पाहिजे.

उत्तरात कोणी रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागितलं तर पैसे पाठवू नका, मेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी जुळतो का ते पाहा आणि कॉलेजच्या सरांना दाखवा.

त्या पोरीला चौथ्या दिवशी फोन आला, मॅडमनं पहिलाच प्रश्न विचारला, "सेफ्टी शूज आहेत का?"