पेमेंट क्यूआरमधला देशाचा रकाना वाचताना या चुका टाळा

दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केल्यावर हाती येते ती अक्षर-अंकांची एक लांबलचक ओळ. पेमेंटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या ईएमव्हीको या संस्थेच्या पद्धतीने बनवलेल्या क्यूआरमध्ये (आपला भारत क्यूआर, सिंगापूरचा एसजीक्यूआर, कंबोडियाचा केएचक्यूआर हे सगळे त्याच घराण्यातले) या ओळीत `58` या आयडीखाली देश असतो, `53` खाली चलन आणि `59`, `60` खाली दुकानाचं नाव आणि शहर. हे रकाने ओळखीचे वाटतात, म्हणून वाचणारा घाई करतो. घोटाळे तिथेच होतात.

खाली कंबोडियातल्या सिएम रीप इथल्या एका काल्पनिक कॅफेचा नमुना आहे. खऱ्या कोडमधले काही भाग आणि शेवटचा `63` हा चेकसम इथे गाळला आहे.

```
00020101021230230009cafe@test010612580252045812530384054044.505802KH5904Cafe6009Siem Reap
```

चूक पहिली: `5802` शोधून पुढची दोन अक्षरं उचलणं

देशाचा कोड नेहमी दोन अक्षरांचा, त्यामुळे `58` आयडी आणि `02` लांबी मिळून `5802` हा तुकडा प्रत्येक कोडमध्ये असणारच. मग तो शोधायचा आणि पुढची दोन अक्षरं घ्यायची, इतका सोपा हिशेब बरेच जण करतात. वरच्या ओळीत हा प्रयोग करून पाहा. `5802` पहिल्यांदा सापडतो तो दुकानदाराच्या `125802` या खाते-क्रमांकाच्या शेपटीत, आणि त्यापुढे आहे `52`. ॲप सांगणार, देश `52`. नुसतं `58` शोधलं तरी सुटका नाही, कारण उपाहारगृहांचा व्यवसाय-कोडच `5812` आहे.

असा दोष चाचणीत सहसा सापडत नाही. बहुतेक दुकानांच्या क्रमांकात `5802` नसतोच. शंभर कोड नीट वाचले जातात आणि एखाद्याच दुकानाची तक्रार येत राहते. तक्रार कायम त्याच दुकानाची असेल, तर आधी हाच संशय घ्यावा.

ओळ सुरुवातीपासून वाचायची: दोन अंक आयडी, दोन अंक लांबी, मग तेवढी अक्षरं मूल्य. मूल्यावरून उडी मारून पुढच्या आयडीवर जायचं.

```python
def vacha(s):
    i, out = 0, []
    while i < len(s):
        n = int(s[i+2:i+4])
        out.append((s[i:i+2], s[i+4:i+4+n]))
        i += 4 + n
    return out
```

नमुन्यातून मग हे निघतं:

```
00  01
01  12
30  0009cafe@test0106125802
52  5812
53  840
54  4.50
58  KH
59  Cafe
60  Siem Reap
```

`30` च्या पोटात पुन्हा त्याच पद्धतीचे उपरकाने आहेत: `00` खाली `cafe@test`, `01` खाली `125802`. ते उलगडायचे, पण वेगळे ठेवायचे. सगळं एकाच यादीत ओतलं की आतला `00` बाहेरच्या `00` वर बसतो. उपरकाने असलेल्या काही रकान्यांत आत `58` हा उपआयडीही येऊ शकतो आणि त्याचा देशाशी काही संबंध नसतो. रकान्यांच्या क्रमावरही विसंबू नये. `00` पहिला आणि `63` शेवटचा एवढंच ठरलेलं आहे, मधले रकाने कोणत्याही क्रमाने येऊ शकतात.

चूक दुसरी: चलनावरून देश किंवा देशावरून चलन ठरवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. `53` मध्ये चलनाचा तीन अंकी कोड असतो. रुपयाचा `356`, थायलंडच्या बाथचा `764`, कंबोडियाच्या रिएलचा `116`. योगायोग नाही, पण हेच अंक त्या त्या देशांचे आयएसओ ३१६६ मधले अंकी कोडही आहेत. त्यामुळे कुणी `53` लाच देश समजून वाचलं तरी भारतात, थायलंडमध्ये उत्तर बरोबर येतं आणि चूक झाकली जाते.

आता आपला कॅफे बघा. कंबोडियात डॉलर आणि रिएल दोन्ही सर्रास चालतात आणि केएचक्यूआरमध्ये दोन्ही चलनं मान्य आहेत. इथे `53` मध्ये `840`, म्हणजे अमेरिकी डॉलर. `53` वरून देश काढणारं ॲप अंगकोर वाटजवळचा कॅफे अमेरिकेत नेऊन ठेवेल. उलट बाजूने, `KH` बघून चलन रिएल धरणारं ॲप साडेचार डॉलरच्या बिलाला साडेचार रिएल म्हणेल. डॉलरला साधारण चार हजार रिएल पडतात, म्हणजे दुकानदाराच्या हाती काहीच येणार नाही. युरोचा `978` तर कोणत्याच देशाचा अंक नाही.

दोन रकाने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. रक्कम कोणत्या चलनात आहे आणि चलनबदल लागेल का, हे `53` वरून कळतं. दुकान कोणत्या देशात व्यवहार करतं आणि पैसे देणाऱ्यासाठी तो परदेशी व्यवहार आहे का, हे `58` वरून. दोन्ही जुळत नाहीत एवढ्यावरून कोड नाकारू नका. `KH` आणि `840` ही जोडी पूर्णपणे वैध आहे. देश रिकामा दिसला तर स्वतःहून `IN` भरू नका. तो रकाना अनिवार्य आहे, त्यामुळे तो नसणं म्हणजे कोड सदोष किंवा वाचन चुकलेलं.

चूक तिसरी: देशाला दुकानाची ओळख मानणं

`58` हा व्यवहाराच्या जागेचा देश. कंपनीचं मुख्यालय, बँक किंवा ग्राहक कुठला आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. साखळी दुकानांचे कोड बनवताना मुख्यालयाचा देश सगळ्या शाखांना चिकटवला जातो, आणि मग `58` एक देश सांगतो तर `60` मधलं शहर भलत्याच देशातलं निघतं. अशा वेळी शहरावरून देश दुरुस्त करू नये. शहराचं नाव जेमतेम पंधरा अक्षरांत बसवलेला मुक्त मजकूर आहे. कोड देणाऱ्या बँकेकडूनच तो नव्याने घ्यावा.

आणि `63` चा चेकसम जुळला म्हणजे दुकान खरं, असंही नाही. छपाई किंवा स्कॅनिंगमध्ये अक्षर बिघडलं तर तो पकडतो, पण खोटा कोड बनवणारा माणूसही तो बरोबर काढू शकतो. पैसे पाठवण्याआधी खात्यावरून पेमेंट यंत्रणेने परत दिलेलं नाव दाखवावं, `59` मधलं नव्हे.

कोड बनवताना होणाऱ्या चुका

`58` मध्ये आयएसओची दोन मोठी अक्षरंच चालतात. `IND`, `356`, `in` हे तिन्ही चूक. ब्रिटनसाठी `UK` लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं, पण खरा कोड `GB`. `5803IND` असं आलं तर ओळ तुटत नाही, पुढचे रकाने नीट वाचले जातात, म्हणून लांबी दोनच आहे ना हे वेगळं तपासायला हवं.

ओळ `upi://` ने सुरू होत असेल तर

आपल्याकडच्या बहुतेक दुकानांवरचे क्यूआर असे असतात:

```
upi://pay?pa=dukan@test&pn=Dukan&cu=INR
```

ही वेगळी मांडणी आहे. आयडी-लांबीचा वाचक इथे पहिल्याच पावलाला अडतो, कारण `i:` या अक्षरांना तो लांबी समजायला जातो. म्हणून वाचण्याआधी सुरुवात तपासा: `000201` असेल तर रकाने, `upi://` असेल तर प्रश्नचिन्हापुढच्या जोड्या. इथे `cu` हे चलन आहे, देशाचा रकाना नाही. `INR` ची पहिली दोन अक्षरं `IN` आहेत म्हणून ती कापून देश काढू नका. वरच्या कोडमध्ये देश सांगितलेलाच नाही, तर नोंदीतही तो रकाना रिकामा राहू द्या.