या चुका टाळा: हॉबच्या कोपऱ्यात ओट्याचा दगड का तडकतो

ओट्याला तडा गेला की पहिला दोष दगडाला मिळतो. "क्वार्ट्ज नाजूकच असतो" किंवा "ग्रॅनाइट हलका लागला" असे म्हणून विषय संपतो. तडा नेमका कुठून सुरू झाला हे पाहिले, तर बहुतेक वेळा तो हॉबच्या, म्हणजे ओट्यात भोक पाडून बसवलेल्या शेगडीच्या, किंवा सिंकच्या भोकाच्या कोपऱ्यातून निघालेला दिसतो. म्हणजे दगड निवडताना नव्हे, तर कापताना आणि बसवताना गडबड झालेली असते. निवडताना होणाऱ्या चुकाही आहेतच. त्यातली सर्वांत महाग चूक नावाची आहे, म्हणून ती आधी पाहू.

नावावर जाऊन दगड घेणे

दुकानात "इंजिनिअर्ड स्टोन" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे क्वार्ट्ज. यात वजनाने साधारण 90 टक्के किंवा थोडा जास्त गारेचा चुरा असतो आणि उरलेला भाग पॉलिएस्टर रेझिन व रंग. दुसरा म्हणजे इंजिनिअर्ड मार्बल. त्यात गारेऐवजी संगमरवराचे तुकडे आणि भुकटी असते. दोन्ही पांढरेशुभ्र, दोन्ही गुळगुळीत, पण संगमरवर आम्लाला टिकत नाही. लिंबाची अर्धी फोड त्यावर पालथी राहिली तर तिथली चकाकी कायमची जाते. जमिनीसाठी हा माल चालतो, ओट्यासाठी नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाका, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा आणि उजेडात तिरके पाहा. मंद डाग दिसला तर त्यात संगमरवर किंवा चुनखडी आहे. काळ्या कडप्प्याचेही असेच होते, कारण तोही चुनखडीचाच दगड. खरा ग्रॅनाइट आणि क्वार्ट्ज या परीक्षेत तसेच राहतात.

काळ्या ग्रॅनाइटची आणखी एक परीक्षा करावी. करड्या दगडाला रंग चोळून काळा केलेला माल बाजारात असतो. पांढऱ्या फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन घासा. फडके काळे झाले तर लादी परत करा. नाहीतर वर्षभरात शेगडीभोवती करडे पट्टे उमटतील. लादी उलटी करून मागची बाजूही बघावी. मागे फायबरची जाळी चिकटवलेली असेल, तर कारखान्याने त्या दगडाला आधार द्यावा लागेल असे मानले आहे. अशी लादी अखंड ओट्याला चालते, पण हॉबचे भोक पाडायला ती घेऊ नये.

डागांची धास्ती आणि चुकीचे उपाय

डागांना लोक जरा जास्तच घाबरतात. घट्ट काळ्या ग्रॅनाइटमध्ये हळद-तेल फारसे मुरतच नाही. फिकट ग्रॅनाइट मात्र पाणी पितो. त्यावर पाण्याचा थेंब पंधरा मिनिटे ठेवा. खालचा दगड गडद झाला तर सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रे बुजवणारे द्रावण, लावायला हवे, नाही झाला तर नको. क्वार्ट्जला सीलर कधीच लागत नाही. तो लावला तर वर चिकट थर बसतो आणि मळ त्या थरालाच धरतो.

हळदीचा डाग फिकट ग्रॅनाइटवर राहिला, तर खायचा सोडा आणि 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड यांची दह्याइतकी घट्ट पेस्ट करा. डागापेक्षा बोटभर रुंद आणि पाव इंच जाड थर द्या, वर प्लास्टिक चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक काढून थर पूर्ण वाळू द्या आणि मगच खरवडा. डाग ओढला जातो तो थर वाळताना. ओलाच पुसला तर काहीच होत नाही, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. तेलाच्या डागाला याच पद्धतीने सोडा आणि ॲसिटोन वापरतात. तेव्हा गॅस बंद आणि खिडकी उघडी हवी.

क्वार्ट्जवर ब्लीच, ड्रेन साफ करायची पावडर किंवा पेंट रिमूव्हर लावू नका. दगडाला काही होणार नाही, पण तो धरून ठेवणारे रेझिन खराब होते. उन्हानेही रेझिन पिवळे पडते. त्यामुळे ड्राय बाल्कनीतल्या ओट्याला पांढरा क्वार्ट्ज बसवणे ही वेगळी चूक ठरते.

तापमान नव्हे, तापमानातला फरक

क्वार्ट्जच्या कंपन्या साधारण 150 अंशांच्या पुढे जाऊ नका म्हणतात. पोळीचा तवा सहज 200 अंशांच्या वर असतो आणि तळणीचे तेलच 170 ते 190 असते. कढई उतरवून थेट ओट्यावर ठेवली की आधी पिवळट, मग तपकिरी कडे उमटते. ते घासून जात नाही, कारण तो मळ नसून जळलेले रेझिन आहे. पॉलिशवाला ते काढून देतो म्हणतो, तेव्हा तो प्रत्यक्षात तेवढा दगड खरवडतो. तिथे खळगा राहतो आणि चकाकीही जुळत नाही.

ग्रॅनाइट गरम तव्याने जळत नाही. पण एका वितीएवढी जागा तापली आणि भोवतीचा दगड थंड राहिला, तर तापलेला भाग फुगायला बघतो आणि थंड भाग त्याला दाबून धरतो. मोकळ्या, अखंड भागात दगड हे सोसतो. भोकाच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्टीत सोसत नाही. क्वार्ट्ज तर उष्णतेने ग्रॅनाइटपेक्षा दुपटीहून जास्त प्रसरण पावतो, म्हणून तिथे धोका अधिक. दिवाळीच्या फराळाला हॉबच्या काचेबाहेर येणारी मोठी कढई दोन-दोन तास ठेवली, की ज्योत कढईखालून बाहेर पसरते आणि मागची पट्टी भाजत राहते. एवढ्या मोठ्या भांड्याला वेगळी शेगडी वापरावी. एरवी भांडे उतरवायला दोन्ही दगडांवर अडणी हवीच.

भोक कसे पाडायचे, आकड्यांत

एक नेहमीचे माप घेऊ. ओटा 24 इंच खोल, म्हणजे 610 मिमी. हॉबच्या कागदावर भोक लिहिले आहे 560 बाय 480. मग पुढे आणि मागे मिळून 130 मिमी दगड उरतो. कढई भिंतीला लागू नये म्हणून कारागीर भोक पुढे सरकवतो आणि पुढची पट्टी 40 मिमीची होते. किंवा पुढची पट्टी रुंद ठेवायला भोक मागे ढकलतो आणि मागे 30 मिमी उरते. अशी पट्टी जिना चढवतानाच तुटते. तिथे तुटली नाही, तर पहिल्या उन्हाळ्यात तुटते.

24 इंचांतच बसवायचे असेल तर पुढे 70 आणि मागे 60 ठेवा. ओटा अजून बांधायचा असेल तर तो 26 इंचांचा करा. मग दोन्हीकडे सुमारे 90 मिमी मिळतात. एवढी पट्टी खालून आधार दिल्यावर निर्धास्त राहते.

पुढची चूक कोपऱ्यांत होते. ग्राइंडरने चार सरळ काप मारून काटकोनी कोपरे काढले, तर सगळा ताण त्या टोकांवर गोळा होतो. त्यातच ब्लेड गोल असल्याने कोपरा खालपर्यंत सुटावा म्हणून कारागीर रेषेच्या पुढे बोटभर काप नेतो. तो ज्यादा काप म्हणजे तयार तडाच असतो, फक्त लांबायचा बाकी. बरोबर पद्धत अशी: चारही कोपऱ्यांत आधी 20 मिमीच्या कोअर बिटने भोके पाडायची. प्रत्येक भोकाचा मध्य दोन्ही रेषांपासून 10 मिमी आत हवा. मग ब्लेड एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चालवायची आणि भोकातच थांबवायची. कोपऱ्याला 10 मिमीची गोलाई आपोआप मिळते आणि हॉबच्या काचेखाली ती झाकली जाते. कापलेल्या कडेचे बारीक टवके पॅडने घासून घ्यावेत, कारण तडा तिथूनही सुरू होतो.

कापताना पाण्याची धार चालू असलीच पाहिजे. एकतर सुके कापताना कड तापते. दुसरे म्हणजे क्वार्ट्जच्या धुळीतल्या सिलिकाने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून इंजिनिअर्ड स्टोनवर बंदी घातली ती याच कारणाने. घरात सुके कापू देऊच नका.

लादी नेताना उभी, कडेवर धरून न्यावी. भोक आधीच पाडले असेल तर पुढच्या-मागच्या पट्टीला लाकडी बॅटन क्लॅम्पने आवळावी. हॉब बसवताना त्याचा पत्रा दगडाला टेकू नये. कंपनीच्या मापात ती फट धरलेली असते, म्हणून "घट्ट बसेल" या हौसेने भोक लहान कापू नका. खाली कडप्प्याचे उभे पाट किंवा ट्रॉलीच्या बाजू भोकाच्या दोन्ही अंगांना, 75 मिमीच्या आत हव्यात. लादीचा जॉइंट भोकापासून किमान 150 मिमी दूर आणि आधारावरच घ्यावा.

सिंकचे गणित लोक विसरतात. 24 बाय 18 बाय 9 इंचांच्या सिंकमध्ये काठोकाठ 60 लिटरच्या पुढे पाणी मावते. खालून बसवलेला सिंक नुसत्या सिलिकॉनवर दगडाला लटकवला, तर तुंबलेल्या सिंकचे 60 किलोहून अधिक वजन त्या पट्टीवर येते. सिंकला खालून स्वतःची फ्रेम किंवा कंस द्यावेत.

तडा गेलाच तर

आधी तो खरा तडा आहे का ते बघा. ग्रॅनाइटमध्ये जन्मजात रेषा असतात. नख फिरवल्यावर अडकले नाही आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील, तर काळजी नको. तडा कोपऱ्यातून तिरका निघाला असेल तर दोष कापण्यात आहे. पुढच्या पट्टीच्या मधोमध, कडेला काटकोनात असेल तर खालचा आधार खचला आहे. सरळपट्टी टेकवून पाहिले की पट्टी खाली वाकलेली दिसते. बर्नरच्या बाजूने कमानीसारखा वळत असेल तर उष्णतेने गेला आहे.

कारण दूर न करता तडा भरला तर तो शेजारून पुन्हा उघडतो. म्हणून हॉब काढा, पट्टीखाली आधार द्या, ती पातळीत आणा. तडा ॲसिटोनने धुऊन पूर्ण वाळवा, त्यात पातळ, रंग जुळवलेले इपॉक्सी सोडा आणि दिवसभर तरी गॅस पेटवू नका. टोकदार कोपरा असेल तर त्याच वेळी कानसून गोल करून घ्या. पट्टी फार अरुंद असेल, तर खालच्या बाजूला खाच पाडून इपॉक्सीत सळई बसवतात. ती स्टेनलेस स्टीलचीच हवी. साधी लोखंडी सळई ओल लागून गंजते, गंजून फुगते आणि वाचवायला घातलेली पट्टी आतूनच फोडते.