थायरॉइड कमी आहे? कोबी बंद करण्याआधी या चुका टाळा

थायरॉइड कमी असल्याचा रिपोर्ट आला की घरात पहिली गदा येते ती कोबी-फ्लॉवरवर. खरं तर शिजवलेली कोबीची भाजी आठवड्यातून दोन-तीनदा खाल्ली तर काही बिघडत नाही. आयोडीनच्या कामात अडथळा आणणारे त्यातले घटक शिजवल्यावर बरेच कमी होतात. रोज कच्च्या कोबीचा रस पिण्याची सवय असेल, तर तेवढी मात्र सोडा.

मोठी चूक बहुतेकदा सकाळी होते. समजा, एखादी बाई साडेसहाला थायरॉक्सिनची गोळी घेते, लगेच दुधाचा चहा पिते आणि साडेसातला नाश्त्याबरोबर कॅल्शियमची गोळी घेते. थायरॉइड कमी असताना रक्तात वाढणारा तिचा टीएसएच खाली येत नाही, म्हणून कोबीबरोबर शेंगदाणेही बंद होतात. पण दोष ताटात नाही. चहा, कॉफी आणि कॅल्शियममुळे गोळी आतड्यात नीट शोषलीच जात नाही. तिने गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करावा, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावी. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासला की फरक कळतो. त्याआधी तपासून घाबरू नये.

सोयाचंही असंच आहे. सोया चंक्स, टोफू, सोया दूध हे आपण जाणूनबुजून आणतो, पण मल्टिग्रेन पिठात आणि प्रोटीन पावडरमध्येही सोया असू शकतो, म्हणून पाकिटामागची यादी वाचा. सोया पूर्ण बंद करायची गरज नाही. तो गोळीच्या आसपास नको, दुपारी किंवा रात्री चालेल. आज भरपूर आणि मग महिनाभर काहीच नाही, असंही करू नका, कारण त्याने डोसचं गणित बिघडतं. रोज खायला सुरुवात करणार असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

बाजरीचं थोडं वेगळं आहे. तिच्यातले अडथळा आणणारे घटक शिजवूनही जात नाहीत. म्हणून हिवाळ्यात तिन्ही त्रिकाळ बाजरीचीच भाकरी नको, अधूनमधून ज्वारीची करा. तेवढ्याने भागतं.

मिठाबाबत दोन्ही टोकं वाईट. ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव आणलं की रोजच्या जेवणातलं आयोडीन जातं, कारण त्यात ते वरून घातलेलं नसतं. घरात साधं आयोडीनयुक्त मीठच ठेवा, पण थायरॉइडसाठी म्हणून जास्त खाऊ नका. समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या स्वतःहून तर अजिबात घेऊ नका. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटलेली असेल, तर जादा आयोडीनने आजार वाढू शकतो. आपल्याकडे कमी थायरॉइडचं हे कारण बऱ्याच जणांत सापडतं.