या चुका टाळा : बाजार कोसळताना एसआयपी बंद करण्याआधी

२३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. जानेवारीत तो १२,३०० च्या वर होता. त्या आठवड्यात एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्याने म्युच्युअल फंडात पैसे गुंतवणाऱ्या अनेकांच्या मनात एकच विचार होता: ‘सध्या हप्ते थांबवू, बाजार स्थिरावला की पुन्हा सुरू करू.’ ऐकायला हा निर्णय सावध वाटतो, पण सर्वांत महाग चूक हीच आहे.

त्याच वर्षाचा हिशेब करून पाहू. निफ्टीचा इंडेक्स फंड, दरमहा १०,००० रुपये, हप्ता १० तारखेच्या आसपास. सोयीसाठी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, निफ्टीच्या शंभराव्या भागाइतकी धरू. जानेवारीत ती साधारण १२२ होती, म्हणजे हप्त्यात ८२ युनिट मिळाले. एप्रिलमध्ये ती ९० वर आली आणि त्याच पैशात १११ युनिट मिळाले. एप्रिल ते ऑक्टोबर सातही हप्ते भरणाऱ्याकडे ७०,००० रुपयांत सुमारे ६७२ युनिट जमले.

आता थांबलेल्या माणसाचे बघा. त्याने हे ७०,००० खर्च केले नाहीत, बचत खात्यात नीट ठेवले. नोव्हेंबरमध्ये निफ्टी जुना उच्चांक ओलांडून गेला, तेव्हा त्याला बाजार ‘स्थिर’ वाटला. त्या वेळी एनएव्ही १२६ होती, त्यामुळे सगळी रक्कम एकदम घालूनही ५५५ युनिटच हाती आले. डिसेंबरच्या १३४.५ या भावाने ११७ युनिटांचा हा फरक सुमारे १५,७०० रुपयांचा होतो. भाव वर गेल्याशिवाय बाजार सावरल्याची खात्री पटत नाही, आणि खात्री पटेपर्यंत स्वस्त युनिट निघून गेलेले असतात. खरे नुकसान इथे होते.

अर्थात २०२० ची उसळी फार लवकर आली; दर वेळी तसे होत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ओलांडलेला सेन्सेक्स त्या पातळीवर परत यायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. म्हणून जो पैसा पुढच्या तीन-चार वर्षांत फी, घराची रक्कम किंवा लग्नासाठी लागणार आहे, तो इक्विटीत असूच नये. तसा असेल तर चूक हप्ता चालू ठेवण्यात नाही, सुरुवातीच्या निवडीत आहे.

भीती वाढवणारी एक गोष्ट ॲपच्या स्क्रीनवरच असते. जेमतेम वर्षभराच्या एसआयपीत प्रत्यक्ष तोटा २० टक्के असला, तरी एक्सआयआरआर, म्हणजे परताव्याचा वार्षिक दर, उणे ३५ टक्क्यांच्या आसपास दिसू शकतो. हप्त्यांचे पैसे सरासरी सहाच महिने गुंतलेले असतात आणि तो आकडा सहा महिन्यांचा तोटा वर्षभराच्या दराने दाखवतो. अशा वेळी भरलेली रक्कम आणि आजचे मूल्य यांची थेट तुलना करा. एक्सआयआरआर तीन-चार वर्षांनंतर उपयोगी पडतो.

दुसरी चूक म्हणजे काहीच न कळवता खाते रिकामे ठेवणे. हप्ता परत गेला की बँक दर वेळी दंड आणि वर जीएसटी कापते. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर ती आपोआप रद्द होते. नोकरी गेली किंवा दवाखान्याचा खर्च आला आणि हप्ता खरोखरच परवडत नसेल, तर फंडाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ‘पॉज’ची सोय आहे का ते बघा. अनेक फंड एक ते तीन महिन्यांसाठी ती देतात. विनंती पुढच्या हप्त्याच्या आठ-दहा दिवस आधी करा, नाहीतर तो हप्ता कापला जाण्याची शक्यता असते. पॉज नसेल तर एसआयपी रद्द करून कमी रकमेची नवी सुरू करा. १०,००० ऐवजी ३,००० चालू राहिले तरी स्वस्त युनिट मिळत राहतात. हप्ता थांबवणे आणि जमलेले युनिट विकणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते एका झटक्यात घेऊ नका. विकताना एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्यास फंड कापतो ते शुल्क, आणि करही बघावा लागतो.

एक इशारा मात्र मनापासून द्यावासा वाटतो. ‘पडझडीत चालू ठेवा’ हा सल्ला व्यापक निर्देशांकाला किंवा विविध क्षेत्रांत गुंतवणाऱ्या फंडाला लागू पडतो. एखाद्या क्षेत्राचा फंड किंवा एकच शेअर घसरत असेल, तर तो परत वर येईलच असे गृहीत धरता येत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे: आपल्या फंडाची घसरण त्याच्या बेंचमार्कशेजारी, म्हणजे ज्या निर्देशांकाशी त्याची तुलना होते त्याच्या घसरणीशेजारी ठेवा. दोन्ही जवळपास सारखे पडले असतील, तर घसरण बाजाराची आहे आणि हप्ता चालू द्या. बेंचमार्क सावरूनही फंड दोन-तीन वर्षे मागेच राहत असेल, तर तो हप्ता दुसऱ्या फंडाकडे वळवा.