निकोटिन गम: चावायचा थोडा, गालात ठेवायचा फार

राजारामपुरीतल्या आमच्या औषधाच्या दुकानातून निकोटिन गम घेऊन गेलेले गिऱ्हाईक दोन-तीन दिवसांत परत आले, की तक्रार बहुधा ठरलेली असते. उचकी लागते, घसा जळतो, तोंड सोलल्यासारखे होते आणि एवढे सोसूनही सिगारेटची तलफ जात नाही. मध्यंतरी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारे एक गृहस्थ असेच आले आणि पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाले, "काय ओ दादा, गम दिलाय का मिरची?" मी त्यांना गम कसा खाल्ला ते विचारले. सकाळचा चहा झाल्यावर लगेच तोंडात टाकला, नेहमीच्या च्युइंगमसारखा पाच मिनिटे भराभर चावला, सुटलेला रस गिळत राहिले आणि दहाव्या मिनिटाला उचकी सुरू झाली. औषध बरोबर होते, मात्रा बरोबर होती. फक्त ते च्युइंगम समजून खाल्ले गेले होते.

या गममध्ये निकोटिन एका राळेसारख्या पदार्थाला बांधून ठेवलेले असते आणि चावल्यावरच ते सुटते. सुटलेले निकोटिन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून सावकाश रक्तात जावे, अशी ही सारी रचना आहे. गालाची शोषून घेण्याची गती ठरावीक असते; आपण भराभर चावलो की निकोटिन त्याहून कितीतरी वेगाने सुटते, शिवाय लाळही वाढते, आणि गालाला न पेललेला हा सगळा माल घशाखाली जातो. जाताना तो घसा, अन्ननलिका आणि जठराचे आतले अस्तर चाळवतो. तिथल्या नसा डिवचल्या गेल्या, की छाती व पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू एकाएकी आखडतो, तीच उचकी. छातीतली जळजळ आणि मळमळही याच वाटेने येतात.

तलफ न भागण्याचे कारणही इथेच आहे. पोटातल्या आम्लात निकोटिन फारसे शोषले जात नाही, आणि पुढे आतड्यातून जे शोषले जाते ते आधी यकृतात जाते, जिथे त्याचा बराचसा भाग रक्तप्रवाहात पोहोचण्याआधीच मोडला जातो. म्हणजे गिळलेले निकोटिन त्रास पूर्ण देते आणि उपयोग थोडाच.

तोंड का सोलते, हे कोल्हापुरात समजावून सांगायला सोपे जाते, कारण तंबाखूला चुना का लावतात हे इथे पुष्कळांना ठाऊक असते. चुन्याने लाळ क्षारयुक्त होते आणि तशा लाळेतून निकोटिन गालात लवकर शिरते. गममध्ये चुना नसतो, पण सोड्याच्या जातीचे सौम्य क्षार त्याच कामासाठी घातलेले असतात. रस एकदम सुटला किंवा तुकडा रोज एकाच जागी दाबून ठेवला, तर निकोटिन आणि क्षार मिळून तिथली त्वचा हुळहुळी करतात. चुना जास्त झाल्यावर गाल कसा भाजतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याहून अधिक सांगावे लागत नाही. गंमत म्हणजे तंबाखूचा बार धरणाऱ्यांना ही पद्धत सिगारेटवाल्यांपेक्षा लवकर जमते. फक्त त्यांना थुंकण्याची सवय आवरावी लागते, कारण पिचकारीबरोबर औषधही जाते.

आता प्रत्यक्ष कृती. गम तोंडात टाकण्याआधी १५ मिनिटे, आणि तो तोंडात असेपर्यंत, पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. चहा, कॉफी, शीतपेय, फळांचा रस किंवा लिंबू पिळलेली मिसळ यांमुळे तोंडात आंबटपणा येतो, गममधल्या क्षारांचे काम फुकट जाते आणि निकोटिन गालात शिरण्याऐवजी पोटात उतरते. चहा झालाच असेल, तर पाण्याने चूळ भरून १५ मिनिटे थांबावे.

मग गम अगदी सावकाश चावावा, एकदा चावल्यावर दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा. साधारण दहा-पंधरा वेळा चावल्यावर मिऱ्यासारखी तिखट चव येते किंवा हिरड्यांपाशी झिणझिण जाणवते. कितीदा चावले हे मोजत बसण्यापेक्षा ही खूण ओळखणे महत्त्वाचे. ती आली, की चावणे तिथल्या तिथे थांबवून तुकडा गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सारावा आणि स्वस्थ राहू द्यावा. सुमारे मिनिटभरात झिणझिण ओसरते. ओसरली, की पुन्हा थोडे चावावे, चव आली की थांबावे आणि या वेळी तुकडा दुसऱ्या बाजूला ठेवावा. डावा गाल, उजवा गाल, वर, खाली अशी जागा बदलत राहावी. तोंडात आलेली लाळ घटाघट गिळू नये. थोडी नकळत गेली तर बिघडत नाही. असे करत एक तुकडा सुमारे ३० मिनिटे चालतो. चावूनही तिखटपणा येईनासा झाला, की तो संपला असे समजावे. दहा मिनिटांतच गम बेचव झाला, तर आपण घाई केली हे नक्की.

फौंड्रीतल्या त्या गृहस्थांचे गणित आम्ही असे बसवले. त्यांची पहिली सिगारेट उठल्यानंतर तासाभराने असायची, म्हणून २ मिलिग्रॅमचा गम योग्य होता. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्यांना बहुधा ४ मिलिग्रॅमचा लागतो आणि तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. खरी अडचण दहाच्या चहाची होती, कारण चहा आला की सिगारेट आठवायची आणि चहाबरोबर गम चालत नाही. सिगारेटचा धूर काही सेकंदांत काम करतो, गमला मात्र वीस-तीस मिनिटे लागतात, त्यामुळे तलफ आल्यावर गम शोधण्यात अर्थ नसतो. म्हणून त्यांनी गम सव्वानऊला तोंडात टाकायचा, पावणेदहाला काढायचा आणि दहाला निवांत चहा घ्यायचा, असे ठरले. उरलेल्या दिवसात साधारण दीड-दोन तासांनी एकेक; पहिल्या सहा आठवड्यांसाठी हाच हिशेब असतो, नंतर अंतर वाढवत जायचे. उचकी दुसऱ्याच दिवशी थांबली. जबडा मात्र आठवडाभर दुखला, कारण हा गम नेहमीच्यापेक्षा घट्ट असतो.

नीट पद्धतीनेही सुरुवातीला हलकी उचकी लागू शकते. तेव्हा चावणे कमी करून गालात ठेवण्याचा वेळ वाढवावा. छातीत धडधड, चक्कर किंवा उलटी झाली तर गम काढून टाकावा आणि डॉक्टरांना गाठावे. गुटखा-सुपारीने ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही, ज्यांच्या जबड्याच्या सांध्यात दुखणे आहे किंवा ज्यांच्या कवळीला गम चिकटतो, त्यांनी दंतवैद्याला विचारून पॅच किंवा चघळण्याच्या गोळीचा विचार करावा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा गम सुरू करू नये.

वापरलेल्या तुकड्यातही निकोटिन उरलेले असते. तो कागदात गुंडाळून, लहान मुलाच्या किंवा कुत्र्या-मांजराच्या हाती-तोंडी लागणार नाही असा झाकणाच्या डब्यात टाकावा. फौंड्रीतले गृहस्थ त्यासाठी खिशात रिकामी काडेपेटी ठेवतात.