कस्टमर सपोर्टच्या रेज्युमेला मार्क कसे द्यायचे

समजा सोलापुरात चादरी-टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्या दुकानाला फोनवर बोलायला माणूस हवाय. गिऱ्हाईक निम्मं इथलं, निम्मं विजयपूर-कलबुर्गीचं, आणि फोन रात्री १० पर्यंत चालू.

रेज्युमे उघडायच्या आधी ५० मार्क वाटून घ्या. भाषेला २० (मराठी ८, कन्नड ८, ऑर्डर वाचण्यापुरतं इंग्रजी ४), बोलण्याच्या पुराव्याला २०, शिफ्टला १०. कन्नडमध्ये ८ पैकी ४ तरी हवेतच, नाहीतर बाकीचे मार्क कितीही असू देत, निवड नाही. ही अट नसली तर चांगल्या मराठीच्या जोरावर कन्नड न येणारा माणूस वर येतो आणि कलबुर्गीचा फोन आला की अडतो.

आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीचा रेज्युमे घेऊ. भाषा लिहिल्यात मराठी, तेलुगू, हिंदी, कन्नड, इंग्रजी. मराठी माध्यमातून बारावी आणि साडीच्या दुकानातलं रोजचं काम मराठीत, म्हणून मराठीला ८. कन्नडचं नुसतं नाव आहे, कुठं वापरली काही नाही, म्हणून २. इंग्रजीत ऑर्डरची शीट भरलीय, ३. तेलुगू घरची असणार आणि छानच असेल पण या कामाला लागत नाही, म्हणून तिला मार्क नाहीत. झाले १३.

बोलण्याच्या पुराव्यात 'उत्तम संवादकौशल्य' या ओळीला शून्य द्या, ती सायबर कॅफेतल्या तयार नमुन्यातही असते. कुणाशी, कशावर, काय तक्रार, शेवटी काय झालं हे शोधा. हिने लिहिलंय की साडीच्या दुकानात बदलीच्या आणि फाटक्या पार्सलच्या तक्रारी फोनवर, व्हॉट्सॲपवर घेतल्या. खरं काम दिसतं, पण तक्रार मिटली का ते नाही, म्हणून १५.

शिफ्टला 'कुठलीही चालेल' एवढंच असतं तर ४ दिले असते, पण दिवाळीत रात्री १० पर्यंत काम केल्याचं लिहिलंय, म्हणून ६. बाई आहे, रात्री जमणार नाही असं स्वतःच ठरवून मार्क कापू नका. २० किंवा जास्त कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० नंतर काम द्यायला तिची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते, त्यामुळे हे तिला विचारा आणि गाडीचं आपलं आपण बघा.

एकूण ३४, पण कन्नड २ वर अडकलं. लगेच बाजूला टाकू नका, लिहिलं नाही म्हणजे येत नाही असं नसतं. कन्नड येणाऱ्या कुणालातरी पाच मिनिटं फोन करायला लावा, पार्सल दोन दिवस उशिरा येणार हे चिडलेल्या गिऱ्हाईकाला समजावायला सांगा. मध्येच मराठीवर न घसरता जमलं तर कन्नडला ६ करा, एकूण ३८, मुलाखतीला बोलवा. नाही जमलं तर २ तसेच ठेवा आणि पुढचा रेज्युमे घ्या.